गोव्याहून थरच्या वाळवंटात: ऊन, पाणी, मुक्काम आणि प्रवासाच्या वेळा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जैसलमेरच्या परिसरात वाळूत एखादी रात्र काढावी आणि थोडे पायी, थोडे उंटावरून फिरावे, असा बेत आखणाऱ्या गोव्यातील कुटुंबांसाठी आणि लहान गटांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. रस्त्याने जाऊन किल्ला आणि हवेल्या पाहून परतणाऱ्यांना यातील बहुतेक मजकुराची गरज पडणार नाही.

मे महिन्यातला गोव्याचा उकाडा आम्ही दरवर्षी काढतो. मग वाळवंटातील उन्हासाठी निराळी तयारी कशाला?

नेमकी ही सवयच तेथे दिशाभूल करते, म्हणून. गोव्यात ३३-३४ अंशांनाच अंग चिकचिकते, सदरा पाठीला चिकटतो आणि आपण न सांगता पंख्याखाली जाऊन बसतो. हवेत आधीच इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर तो शरीर थंड करत नाही. जैसलमेरला मार्च-एप्रिलमधील दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर येताच उडून जातो. त्यामुळे ३८ अंशांतही अंग कोरडे लागते, वाऱ्याची झुळूक आली तर बरेही वाटते, आणि ‘फार उकडत नाही’ असे म्हणत माणूस तासन्‌तास चालत राहतो. त्या वेळात त्याच्या शरीरातून दर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी निघून गेलेले असते आणि ते त्याला दिसलेलेही नसते.

थोडक्यात, गोव्यात शरीराला हवा अडवते. वाळवंटात हवा साथ देते, परंतु पाणी संपले की सगळेच अडते. म्हणून तेथे स्वतःच्या अंदाजावर न विसंबता घड्याळ आणि पाण्याचे कॅन यांच्या हिशेबाने चालावे. खाली दिलेले सर्व नियम याच एका गोष्टीतून आलेले आहेत.

कोणत्या सुट्टीत जावे?

नाताळच्या सुट्टीत जावे. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हेही चांगले महिने आहेत. चतुर्थीच्या सुट्टीचा विचार पुष्कळ जण करतात, कारण तेव्हा सलग दिवस मिळतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेथे ऊन तापलेलेच असते आणि वाळूत रात्र काढण्यात काही सुख नसते. मे महिन्याचे उत्तर मात्र सरळ ‘नाही’ असे आहे. भारतात नोंदले गेलेले सर्वाधिक तापमान, ५१ अंश, १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे होते, आणि जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारी रेल्वे त्याच फलोदीवरून जाते. मुलांना सुट्टी आहे एवढ्या कारणासाठी त्या दिवसांत वाळूत मुक्काम आखू नये.

किती तापमानापर्यंत पायी किंवा उंटावरून फिरणे योग्य आहे?

भारतीय हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंश आहे. हे आकडे लोकांना इशारा देण्यासाठी ठरवलेले आहेत, सहलीची परवानगी म्हणून ते वाचू नयेत. आम्ही स्वतः पाळतो त्या मर्यादा यापेक्षा कडक आहेत. अंदाज ३५ अंशांपर्यंत असेल तर दुपार टाळून बाकी दिवसभर फिरता येते. ३५ ते ३८ अंशांत फक्त सकाळी आणि सूर्यास्ताच्या सुमारास चालावे व मधला सगळा वेळ सावलीत काढावा. ३८ अंशांच्या पुढे पायी बेत रद्द करून वाहनाने जाऊन-येऊन वाळू पाहावी. ४२ अंशांचा अंदाज असेल तर जैसलमेर शहरातच थांबावे.

या मर्यादांमागे एक साधे कारण आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्यापेक्षा थंड असेल तोवर वारा अंगातील उष्णता काढून नेतो. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो आणि सुटकेचा मार्ग म्हणून एकटा घाम उरतो. म्हणूनच तेथील लोक उन्हाळ्यातही डोक्यापासून पायापर्यंत सैल सुती कपड्यांत झाकलेले दिसतात. आपल्याकडे किनाऱ्यावर जातो त्या अर्ध्या चड्डीत आणि बिनबाह्यांच्या गंजीत तेथे जाणे म्हणजे पाण्याचा खर्च स्वतः वाढवून घेणे होय.

अंदाजातील आकडा आणि प्रत्यक्ष वाळूवरचे ऊन एकच असते का?

नाही. अंदाजातील तापमान जमिनीपासून वर, सावलीत आणि हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. वाळूचा पृष्ठभाग भर दुपारी त्याहून कितीतरी अधिक, उन्हाळ्यात ६० अंशांच्याही वर, तापू शकतो. त्यामुळे विश्रांती घेताना नुसती सावली पुरत नाही. जमिनीपासून हातभर उंच असलेली बाज मिळाली तर तिच्यावर, नाहीतर जाड सतरंजीवर बसावे. मोकळ्या सपाता वापरू नयेत, कारण तापलेली वाळू बोटांत शिरते आणि संध्याकाळपर्यंत पायाला फोड येतात.

दिवसातील कोणत्या वेळा प्रवासाला चांगल्या?

येथे घड्याळाची एक गंमत ध्यानात घ्यावी. जैसलमेर देशाच्या अगदी पश्चिमेला असल्याने मार्चच्या मध्यात तेथे सूर्य डोक्यावर येतो तो जवळजवळ दुपारी एक वाजता. सूर्योदय सातला थोडा कमी आणि सूर्यास्त सातच्या आत-बाहेर असतो. हवा सर्वांत जास्त तापते ती साधारण तीन ते पाचच्या दरम्यान. ‘बारा ते तीन ऊन टाळा’ हा घरगुती सल्ला तेथे लागू केला तर नेमक्या सर्वांत कडक वेळी माणूस बाहेर पडतो.

पर्यटकांच्या कॅम्पांवर उंटांची फेरी अनेकदा चार-साडेचारला सुरू करतात, म्हणजे सूर्यास्तापूर्वी एका गटाला फिरवून दुसरा गट घेता येतो. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते ठीक आहे, परंतु तुमच्या दृष्टीने ती वेळ चुकीची आहे. हिवाळ्यात फरक पडत नाही; फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढे मात्र सव्वापाचपूर्वी निघणार नाही असे आरक्षण करतानाच सांगावे. सकाळी उजेड फुटताच, सूर्य वर येण्याची वाट न पाहता, चालू लागावे आणि साडेनऊपर्यंत, फार तर दहापर्यंत, सावली गाठावी.

अंधारात चालण्याचा मोह टाळावा. चांदण्यात वाळू सपाट दिसते, चढ-उतार कळत नाहीत, आणि रात्री बाहेर पडणाऱ्या सापांची ती वेळ असते.

माणशी किती पाणी न्यावे? ‘भरपूर’ म्हणजे नेमके किती?

एक प्रत्यक्ष बेत मांडून हिशेब करू. फोंड्याहून चार प्रौढ जण मार्चच्या मध्यात निघाले आहेत. अंदाज कमाल ३७ आणि किमान २० अंशांचा आहे. सोबत दोन उंटवाले आहेत, म्हणजे पाणी पिणारे सहा. पहिल्या दिवशी सव्वापाचला डांबरी रस्ता सोडून दीड तासात मुक्कामाची जागा गाठायची. दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघून साडेनऊला एका ढाणीवर, म्हणजे शेतातील चार-दोन घरांच्या वस्तीवर, पोहोचायचे. तेथे सवापाचपर्यंत सावलीत थांबून सव्वासातला पुन्हा रस्त्यावर यायचे. एकूण सव्वीस तास.

पिण्यासाठी संध्याकाळ, रात्र आणि सकाळ मिळून माणशी अडीच लिटर आणि त्यानंतरच्या दिवसाला चार लिटर धरावे. सहा जणांचे झाले ३९ लिटर. स्वयंपाक, चहा आणि भांडी यांसाठी माणशी दोन लिटर, म्हणजे १२. हात-तोंड धुणे आणि इतर किरकोळ वापर माणशी दीड लिटर, म्हणजे ९. बेरीज ६०. यावर राखीव पाणी लागते, कारण वाहन येण्यास उशीर होतो, उंट लंगडतो, कोणी आजारी पडते. राखीव म्हणजे सर्वांचे आणखी एका दिवसाचे पिण्याचे पाणी, माणशी सहा लिटर, म्हणजे ३६. एकूण ९६, व्यवहारात वीस लिटरचे पाच कॅन, १०० लिटर.

शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ‘सोबत बाटल्या घेऊ’ हा विचार येथेच संपतो. दोन कॅन वाहनाने आदल्या दिवशीच ढाणीवर पोहोचवून त्या घरच्यांना सांगून ठेवावेत आणि तीन उंटावर लादावेत. सर्व पाणी एकाच मोठ्या टाकीत कधीही भरू नये. एक झाकण सैल राहिले तर सगळेच वाळूत जाते. कॅनचे झाकण लावल्यावर तो आडवा करून पाच मिनिटे पुठ्ठ्यावर ठेवावा. पुठ्ठा ओला झाला नाही तरच तो उंटावर चढवावा.

आता महत्त्वाचा भाग. ढाणीवर पोहोचताच उरलेले पाणी मोजावे. आपल्या हिशेबाने तोवर पिण्यात १५, स्वयंपाकात ८ आणि धुण्यात ४ असे २७ लिटर खर्च झाले असायला हवेत, म्हणजे तेथे पोहोचवलेले दोन कॅन धरून ७० लिटरच्या आसपास उरले पाहिजेत. ते ६० च्या खाली असतील तर कुठेतरी गळती आहे किंवा हात सैल सुटलेला आहे. अशा वेळी संध्याकाळची चाल रद्द करून वाहन ढाणीवरच बोलवावे. हा निर्णय तेथे चर्चेला ठेवू नये, निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.

डिसेंबर-जानेवारीत याच बेताला पिण्याचे पाणी माणशी चार लिटर पुरते, राखीव तेवढेच ठेवावे.

वाटेतील विहिरी आणि टाक्यांचे पाणी वापरता येईल का?

त्यावर बेत आखू नये. थरमधील भूजल पुष्कळ ठिकाणी खारट असते. अंगणातील भूमिगत टाके, ज्यांना तेथे टांका म्हणतात, पावसाचे पाणी साठवतात आणि एकेका घराला ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे असते. मागितल्यास तहानलेल्याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणूनच सहलीसाठी ते मागू नये. खारट पाणी अंग ओले करण्यासाठी मात्र चालते, आणि उष्माघात झाला तर त्याचा मोठा उपयोग होतो.

तहान लागेल तेव्हाच प्यावे की ठरावीक वेळाने? फार प्यायल्याने काही होते का?

चालताना दर वीस मिनिटांनी पाव लिटर, म्हणजे एक पेला, असे प्यावे. तासाला एक लिटरहून जास्त पिऊ नये. आतडी त्याहून फार अधिक शोषू शकत नाहीत. घामाबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डोके दुखणे, मळमळ आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याचीही लक्षणे असल्याने लोक पाणी कमी पडले असे समजून आणखी पाजतात. लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार होत असेल, बोटे सुजून अंगठी घट्ट झाली असेल, तर पाणी थांबवून काही खारट खायला द्यावे आणि गोंधळ वाढला तर रुग्णालय गाठावे.

उलट लघवी गडद पिवळी असेल किंवा सकाळपासून दुपारपर्यंत झालीच नसेल, तर पाणी कमी पडते आहे. दुसरी खूण सदऱ्यावर दिसते: पाठीवर आणि काखेत उमटलेले पांढरे मिठाचे पट्टे. अंग कोरडे होते तरी घाम किती आला, हे त्या पट्ट्यांवरून कळते.

गोव्यातील घरात कोकमाचे आगळ असतेच. त्यात मीठ असते, ते न शीतगृह लागता टिकते आणि साखर घालून पाण्यात मिसळले तर दुपारी जेव्हा नुसते पाणी नकोसे होते तेव्हा पोटात जाते. सकाळी निघताना मीठ घातलेली पेज घेण्याइतके सोपे आणि चांगले दुसरे काही नाही. जुलाब किंवा उलट्या झाल्यास मात्र आगळावर न थांबता ओआरएसचे पाकीट वापरावे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या लिटरमध्ये ते ओतू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे.

उर्राक किंवा फेणी सोबत न्यावी का?

नको. मद्याने लघवी वाढते, आणि हिशेबात धरलेले पाणी रात्रीतच निघून जाते.

सममधील तंबूंचा कॅम्प निवडावा की ढाणीवरचा मुक्काम?

सम जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे; तेथे रांगेने कॅम्प आहेत, शौचालये आहेत, रात्री गाणे-बजावणे असते आणि रस्ता दाराशी असतो. लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर तोच योग्य पर्याय आहे, कारण कोणाची तब्येत बिघडली तर तासाभरात शहर गाठता येते. शांतता हवी असेल तर खुरीच्या बाजूला किंवा एखाद्या ढाणीवर राहावे. उघड्या वाळूवरचा मुक्काम प्रौढांच्या गटाने, स्थानिक उंटवाल्यासोबतच करावा. सीमेकडील काही भागांत परवान्याशिवाय जाता येत नाही, त्यामुळे ‘अजून थोडे पुढे जाऊ’ असा आग्रह उंटवाल्याकडे धरू नये.

वाळूत तंबू नेमका कुठे लावावा?

शिखरावर नाही आणि अगदी तळाशीही नाही. माथ्यावर वारा रात्रभर वाळू उडवतो. दोन टेकड्यांमधील खोलगट जागा निवाऱ्याची वाटते खरी, पण रात्री थंड हवा जड होऊन तेथेच साचते आणि पहाटे ती जागा आजूबाजूपेक्षा जाणवण्याइतकी गार असते. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, तळापासून थोडे वर, जेथे वाळू पायाखाली फारशी घसरत नाही, ती जागा घ्यावी. अगदी तीव्र उताराच्या पायथ्याशी मात्र झोपू नये.

कोरडा ओढा दिसला तर, कितीही सपाट आणि मऊ असला तरी, त्यात मुक्काम करू नये. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास आणि आसपासची गावे पुराच्या पाण्याखाली गेली होती.

तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पहिल्या जोरदार झुळुकीला त्या उपटून येतात. त्याऐवजी कापडी पिशवी वाळूने भरावी, तोंड दोरीने बांधून तीच दोरी तंबूला जोडावी आणि पिशवी कोपरभर खोल पुरून वर पाय देऊन वाळू दाबावी.

रात्री खरोखरच एवढी थंडी पडते का?

पडते. हवा कोरडी आणि आकाश मोकळे असल्याने दिवसा साठलेली उष्णता सूर्य मावळताच वर निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरचे किमान तापमान सरासरी सात-आठ अंशांच्या आसपास असते, काही रात्री त्याहून बरेच उतरते आणि उघड्या वाळूवर आणखी गार असते. आपल्याकडे जानेवारीत वीस अंशांना शाल निघते, तेव्हा हा फरक गांभीर्याने घ्यावा. एका जाड जॅकेटऐवजी एकावर एक तीन थर, लोकरी टोपी, पायमोजे आणि अंगाखाली जाड गादी न्यावी. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. शेकोटीसाठी खेजडीच्या फांद्या तोडू नयेत. ते राजस्थानचे राज्यवृक्ष आहे आणि वस्तीवरची गुरे त्याच्या पाल्यावर जगतात.

सापांचे काय?

फुरसे आपल्याला कातळावर ओळखीचे आहे. तेच थरच्या वाळूतही असते. शिवाय मण्यारीच्या जातीचा साप तेथे आहे, ज्याला लोक पीवणा म्हणतात आणि जो रात्री झोपलेल्या माणसाला चावतो, अनेकदा फारशी वेदना न होता. म्हणून जमिनीवर झोपू नये. बाजेवर झोपावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. हिवाळ्यात हा धोका बराच कमी होतो. चावा घेतल्याची शंका आली तरी बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता तो अवयव न हलवता रुग्णालय गाठावे.

आंधी आली तर?

एप्रिल ते जूनमध्ये दुपारनंतर क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली तर काही मिनिटेच हातात असतात. माथ्यावरून खाली यावे, बसलेल्या उंटाच्या आडोशाला पाठ करून बसावे, नाक-तोंडावर ओले कापड धरावे. वाहनात असाल तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला थांबून दिवे बंद करावेत. दिवे चालू राहिल्यास मागचा चालक तो रस्ता समजून येऊन धडकतो.

उष्माघात कसा ओळखावा आणि पहिले काय करावे?

डोके दुखणे, गळून जाणे, पायात गोळे येणे आणि मळमळ, पण माणूस नीट बोलतो आहे, तर ती उन्हाची थकवण आहे. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी यांनी तासाभरात उतार पडला पाहिजे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, आज वार कोणता हे सांगता आले नाही, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो की नाही यावर जाऊ नये. त्या कोरड्या हवेत तो एरवीही दिसत नाही.

तेव्हा आधी थंड करणे, मग हलवणे. कपडे सैल करून डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतावे आणि चादरीने सतत वारा घालावा. कोरड्या हवेत हा उपाय आपल्या दमट हवेपेक्षा कितीतरी वेगाने लागू पडतो. राखीव पाणी यासाठीच असते, ते वाचवू नये. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

रक्तदाबाची औषधे घेणारे किंवा लहान मुले येऊ शकतात का?

हिवाळ्यात येऊ शकतात. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. लहान मूल तहान सांगत नाही, ते आधी चिडचिडते आणि मग गप्प होते. त्याला मागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाजावे. दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांनी आपण गोव्याचे म्हणून उन्हाला सरावलेले आहोत, असे समजू नये.

निघताना कोणाला काय सांगून ठेवावे?

वाळूत मोबाइल सर्वत्र लागत नाही. वरच्या उदाहरणातील चालकाला मुक्कामाची जागा, ढाणीचे नाव आणि सव्वासातची वेळ कागदावर लिहून द्यावी. साडेआठपर्यंत गट रस्त्यावर आला नाही, तर त्याने फोनची वाट न पाहता सरळ ढाणीकडे गाडी घ्यावी, आणि गटानेही उशीर झाल्यास रस्त्याच्या दिशेने अंधारात चालत न राहता ढाणीवरच थांबावे, असे दोन्ही बाजूंनी आधी ठरलेले असावे.